सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर काय?

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. राजीनाम्याचं पत्र पोस्टात टाकून झालं होतं, आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवायला म्हणून ऑफिसने माझ्याकडून एक छोटं टिपण मागितलं, छापील कागदच होता, त्यात नाव, विषय, वर्ग, आणि खाली एक रकाना, ‘पूर्ण झालेला अभ्यासक्रम, टक्के’. दहावीचं गणित म्हणजे दोन्ही भाग मिळून तेरा प्रकरणं, भाग एकची सहा आणि भाग दोनची सात, त्यातली सहा दिवाळीपूर्वी झाली होती. सहा भागिले तेरा, ४६ टक्के. मी ४६ लिहिलं, सही केली, क्लार्कभाऊंनी शिक्का मारला आणि कागद फाईलला गेला. आकडा बरोबरच होता. पण स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि तो आकडा काही केल्या डोक्यातून जाईना, कारण माझ्या जागी जो कुणी वर्गात उभा राहील त्याला या ४६ चा उपयोग काय ते मला कळेना.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी चहा पिता पिता ते बोलूनच दाखवलं. माझ्यामागे गणित तात्पुरतं त्यांच्याकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं. म्हणाले, बाई, टक्के मला नकोत, मला एवढंच सांगा, सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहू?

मग पुढचे सगळे दिवस मी त्या एका प्रश्नाचं उत्तर लिहीत होते.

मी घाटावरची. नोकरीसाठी देवगडच्या बाजूला किनाऱ्यावरच्या या गावात आले तेव्हा किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं म्हणजे रापण हे मला माहीत नव्हतं, सड्यावरचा वारा माहीत नव्हता, आणि ‘खंय’ म्हणजे कुठे हे शिकायला सुद्धा वेळ लागला. आता आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि सांगलीला तिच्याजवळ राहणारं माझ्याशिवाय कुणी नाही. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, प्रश्न कधी आणि कसं एवढाच होता. वर्षाच्या मध्ये शाळा सोडणाऱ्या मास्तरांबद्दल गावात जे बोललं जातं ते मी इतकी वर्षं ऐकलंय, आणि त्यातलं बरंचसं खरं असतं हेही मला माहितीय. दहावीचा वर्ग अर्ध्यावर टाकून जाणं ही साधी गोष्ट नाही. रात्री आईच्या फोनवरचा तो अडखळणारा आवाज ऐकला की वाटायचं उद्याच निघावं, आणि सकाळी प्रार्थनेला दहावीची रांग बघितली की पाय निघायचा नाही.

कधी निघायचं हे तसंही पूर्णपणे आपल्या हातात नसतं. अनुदानित खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम ४० लागू होतो, म्हणजे तीन महिन्यांची नोटीस. बऱ्याच जणांना एवढंच माहीत असतं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की नोटिशीच्या काळात सुट्टीचा कुठलाही भाग येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात नोटीस देता येत नाही. आता हे कॅलेंडरवर मांडून बघा. जूनच्या मध्यावर शाळा सुरू, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत नोटीस नाही, तिथून तीन महिने मोजले की दिवाळीची सुट्टी तोंडावर येते. ती खिडकी चुकली की मग सरळ दिवाळीनंतर. आईला झटका आला सप्टेंबरमध्ये, तेव्हा पहिली खिडकी बंदच झाली होती. दिवाळीनंतर दिलेली नोटीस फेब्रुवारीच्या मध्यावर संपते, आणि तेवढं थांबणं मला शक्य नव्हतं. लवकर सोडायचं तर जेवढे दिवस कमी भरतात तेवढ्या दिवसांचा पगार भरायचा, आणि व्यवस्थापनाने परवानगी द्यायची. काही जण म्हणाले, संस्था चांगली आहे, विनंती करा, पैसे न घेता सोडतील. पण तसं सोडलं तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, ते मला नको होतं. मी ३१ डिसेंबर तारीख मागितली, उरलेल्या दिवसांचे पैसे भरायची तयारी लिहून दिली, राजीनाम्याच्या दोन प्रती केल्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकली, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला आणि दुसरी माझ्याकडे. कायद्यात राजीनाम्याची रीत हीच दिलीय. हातात नेऊन दिलेल्या कागदावरून पुढे भांडणं झालेली मी बघितलीत.

तर आता माझ्या हातात सहा आठवडे होते आणि समोर सात प्रकरणं. भाग एकमधलं अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भाग दोनमधली भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. पहिल्यांदा मनात आलं ते हेच की जादा तास घ्यावेत, सकाळी लवकर बोलवावं, आणि सगळं संपवूनच जावं. दहावीचा पोर्शन डिसेंबरअखेर संपवायचा आणि जानेवारीत प्रिलिम ही आमच्याकडची रीतच आहे. म्हणजे वेळापत्रकाने बघितलं तर अशक्य नव्हतं. पण सहा आठवड्यांत सात प्रकरणं म्हणजे मी फक्त फळ्यावर लिहीत सुटणार आणि पोरं उतरवून घेत सुटणार, कागदावर १०० टक्के होणार, आणि जानेवारीत सर वर्गात गेले की त्यांना कळणार की यातलं पोरांच्या हाताला काहीच लागलेलं नाही. आणि तोपर्यंत ‘बाईंनी शिकवून संपवलंय’ असा शिक्का बसलेला असणार, म्हणजे पुन्हा शिकवायला तास मागायची सोय पण नाही. अर्धवट शिकवून पूर्ण म्हणून दिलेलं प्रकरण हे न शिकवलेल्या प्रकरणापेक्षा वाईट असतं, हे मी दुसऱ्या कुणाच्या मागून वर्ग घेताना अनुभवलंय.

म्हणून मी प्रकरणं मोजायची सोडली आणि कुठलं कशावर उभं आहे ते बघायला लागले. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसच, फक्त अक्षांवर ठेवलेला. त्रिकोणमिती सगळी समरूपतेवर उभी, कोन तोच राहिला तर बाजू कितीही मोठ्या झाल्या तरी गुणोत्तर बदलत नाही हे ज्याला पटलंय त्यालाच टॅन म्हणजे काय ते कळतं, बाकीचे तक्ता पाठ करतात. रचनेतली समरूप त्रिकोणांची रचना तर उघडच आहे. समरूपता आणि पायथागोरस मी शिकवले होते, माझ्या शब्दांत, माझ्या खुणांनी, पोरांच्या वह्यांत माझ्या पद्धतीने. तो धागा मीच पुढे न्यायला पाहिजे होता. उलट संभाव्यता कुणीही कुठूनही सुरू करू शकतो, तिला मागचं फारसं लागत नाही. अर्थनियोजन म्हणजे जीएसटी, शेअर्स, हिशोब, तेही स्वतंत्र आहे. आणि महत्त्वमापन सरांनी स्वतःहून मागितलं, घनफळं त्यांच्या रोजच्या हातातली.

सांख्यिकीबद्दल मी जास्त घुटमळले. ते स्वतंत्र आहे, तसं सोडता आलं असतं. पण ते सगळ्यात लांब, मला दहा-अकरा तास लागतात, मध्याची एकच गोष्ट तीन रीतींनी, मग मध्यक, बहुलक, आलेख, आणि सगळं कोष्टकांवर चालतं. नवीन माणसाला जानेवारीत एवढं लांब प्रकरण दिलं तर बाकीची तीन चेपली जाणार. म्हणून ते माझ्याकडे घेतलं. तर चार प्रकरणं माझी, तीन सरांची. त्रिकोणमितीला आठेक तास, निर्देशक भूमितीला नऊ, रचनेला पाच, आणि वरती हे सांख्यिकी, म्हणजे तेहतीसच्या आसपास. आठवड्याला सात तास धरले तरी नऊएक तास हातात शिल्लक राहतात, आणि शाळेत डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलन असतं, क्रीडा स्पर्धा असतात, तेवढे तास जाणारच असतात. सरांच्या तीन प्रकरणांना जानेवारीचे तीन आठवडे. याचा अर्थ प्रिलिम दरवर्षीपेक्षा उशिरा, जानेवारीच्या शेवटी. ही किंमत होती, आणि ती मी मुख्याध्यापक सरांना आधीच लिहून दिली, प्रिलिमची तारीख बदलायला लागेल म्हणून. एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता, प्रकरण मध्ये तोडून जायचं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार तास उरले तरी पाचवं प्रकरण उघडायचं नाही, त्या तासांना सराव घ्यायचा.

पण हे झालं काय शिकवलं याचं. पोरांना काय आलं, हा वेगळाच कागद होता. त्यासाठी मी प्रथम सत्राचे पेपर पुन्हा काढले. मार्क बघायला नाही, मार्क रजिस्टरला होतेच. कुणी कुठे कसं चुकलंय ते बघायला. आणि तिथे मला जे दिसलं ते कुठल्याही टक्क्यात येत नाही.

वर्गसमीकरणाचं उदाहरण घ्या. x² − 7x + 12 = 0. सूत्र सगळ्यांना पाठ आहे. पण b इथे उणे सात आहे, आणि सूत्रात −b आहे, म्हणजे अधिक सात यायला पाहिजे. वर्गातली बरीच मुलं तिथे पुन्हा उणे सातच लिहितात, आणि उत्तर ३ आणि ४ च्या ऐवजी −३ आणि −४ येतं. पेपर तपासताना बाकी सगळ्या पायऱ्या बरोबर म्हणून थोडे मार्क मिळून जातात आणि पोरगं पास होतं, पण पुढे अंकगणिती श्रेढीत हेच बाधतं. २, ४, ६, ८ अशा किती पदांची बेरीज ११० होईल असं विचारलं की n² + n − 110 = 0 असं वर्गसमीकरण येतं, n ला १० आणि −११ अशी दोन उत्तरं मिळतात, आणि पोरं दोन्ही लिहून मोकळी होतात. उणे अकरा पदं कशी असतील हा विचारच नाही, कारण उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून बघायची सवय नाही. तर सरांसाठी मी प्रकरणाचं नाव आणि पुढे ‘झालं’ असं नाही लिहिलं. लिहिलं की वर्गसमीकरण शिकवून झालंय, पण b उणे असेल तेव्हा चिन्ह चुकतं, रोज तासाच्या सुरुवातीला असं एक समीकरण द्या आणि उत्तर परत टाकून बघायला लावा, −३ टाकलं तर शून्याच्या जागी ४२ येतं हे त्यांनी स्वतः बघितलं की चूक आपोआप कळते. कोण कोण चुकतं त्यांचे हजेरी क्रमांक शेजारी लिहिले.

त्रिकोणमिती शिकवतानाची गंमत वेगळीच. आमच्या मुलांनी देवगडच्या किल्ल्यावरचं दीपगृह बघितलेलं आहे, काहींच्या घरच्या होड्या आहेत, त्यामुळे दीपगृहावरून होडी दिसते हे गणित त्यांना समजावून सांगायला लागत नाही. पण अवनत कोन काढायला सांगितला की अर्धा वर्ग तो दीपगृहाच्या भिंतीपासून मोजतो, खरं तर तो डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो. तीस मीटर उंचीवरून तीस अंशाचा अवनत कोन, तर होडी साधारण बावन्न मीटर अंतरावर असते, आणि भिंतीपासून मोजणाऱ्याला सतरा मीटर मिळतात. वहीत दोन्ही उत्तरं तितकीच नीटनेटकी दिसतात. मी मागच्या बाकावरच्या एकाला उभं केलं, जो पहाटे काकांबरोबर रापणीला जातो आणि तिसऱ्या तासाला पेंगतो. विचारलं, तू उंचावर उभा आहेस, मान थोडीशीच खाली करून होडी दिसते, तर ती लांब आहे की जवळ? म्हणाला, लांब बाई, जवळ असात तर खालीच बघूक लागतला. मग सतरा मीटर कसं आलं? त्याने वहीकडे बघितलं, आणि कुणी न सांगता आकृती खोडून परत काढली. सरांच्या कागदावर मी हा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला, कारण उत्तर चुकलं म्हणून सांगण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त काम करतो.

त्याच कागदावर मी गावाचं कॅलेंडरपण लिहिलं. सर शेजारच्या तालुक्यातले, त्यांना बरंचसं माहीत होतं, पण सरांनंतर तासिका तत्त्वावर कुणी नवीन आलं तर त्याला कसं कळणार. कायम जागा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून भरायची, ती या वर्षात भरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तर लिहिलं, आसपासच्या गावच्या जत्रा कधी, त्या रात्री दशावतार असतो आणि दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास काही नवीन शिकवू नये. आंब्याला मोहोर आला की फवारणी सुरू होते आणि बागवाल्यांकडची मोठी मुलं सकाळची उशिरा येतात. एसटी बदलली की वरच्या वाडीतल्या मुली पहिल्या तासाला नसतात, म्हणून नवीन प्रकरणाची सुरुवात दुसऱ्या तासाला. असल्या गोष्टी कुठल्या घटक नियोजनात मावत नाहीत, पण तीन आठवड्यांत तीन प्रकरणं बसवणाऱ्या माणसाला याच लागतात.

आता रेकॉर्डबद्दल. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

दहावीच्या गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण. त्या वीसात दहा गृहपाठाचे, दहा बहुपर्यायी चाचणीचे. ऑफिसमधून मला सुचवण्यात आलं की बाई, तुम्ही जाताय तर विसापैकी गुण आत्ताच टाकून जा, म्हणजे नंतर कुणाला शोधायला नको. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, असं सगळीकडे होतं. पण जानेवारीतला गृहपाठ अजून दिलेलाच नव्हता, चाचणी झालेली नव्हती, मग गुण कशाचे? आणि उलट बाजूने, मी काहीच न लिहिता गेले तर सरांनी न बघितलेल्या वह्यांना गुण द्यायचे आणि खाली स्वतःची सही करायची. दोन्ही मला पटेना. मग मी रजिस्टरमध्ये गृहपाठाचे रकाने तारखेनुसार पाडले, कुठल्या प्रकरणाचा गृहपाठ, किती पैकी किती, आणि जिथे माझं काम संपतं तिथे उभी लाल रेघ मारून तारीख आणि सही केली. त्याच्या पुढचे रकाने सरांचे. अंतिम दहापैकीचा आकडा दोघांच्या नोंदी मिळून सर काढतील, आणि तपासायला कुणी आलं तर रेघेच्या अलीकडचं कुणी दिलं आणि पलीकडचं कुणी, हे न विचारता कळेल. कोऱ्या गुणपत्रकावर सही करून ठेवायला मी सरळ नाही म्हटलं. ज्यांच्या वह्या अपुऱ्या होत्या त्यांना डिसेंबरमध्येच बसवून पूर्ण करून घेतल्या. एकीची वही पावसात घर गळून भिजली होती, तिची मी आधी तपासलेली होती आणि गुण रजिस्टरला होते, तर तिथे शेजारी तसा शेरा लिहिला, नाहीतर नंतर कुणी म्हणेल वही कुठाय.

आठवीच्या वर्णनात्मक नोंदी माझ्या हातच्या होत्या तेवढ्या पूर्ण केल्या, कॅटलॉगची, म्हणजे हजेरीपटाची, डिसेंबरची बेरीज आणि सरासरी काढून महिना बंद केला. हे सगळे शिक्षक करतात, त्यात सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते अर्धवट राहिलेल्या कामाचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं आडनाव जनरल रजिस्टरला गावकर आहे आणि आधारवर परब. आमच्याकडे हे घरोघरी आहे, मूळ आडनाव वेगळं आणि गावात लावतात ते वेगळं, पहिलीत नाव घालायला आजोबा गेले त्यांनी सांगितलं ते लागलं. दोन्हीकडे नाव जुळेना म्हणून तिचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, तयार होत नव्हता, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जाईल ते जन्मभर तिच्यामागे राहणार. जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करून नाव बदलता येत नाही, पालकांचा अर्ज, पुरावे, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, ओरोसला शिक्षणाधिकाऱ्यांकडून आदेश, मग त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख रजिस्टरला टाकून नोंद. आणि हे मुलगी शाळेत आहे तोपर्यंतच त्यातल्या त्यात सोपं, दाखला घेऊन बाहेर पडली की फार किचकट. प्रस्ताव मी गणपतीनंतर लगेच पाठवला होता, एक त्रुटी निघून परत आला होता, प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा जोडलेला नव्हता. तो उतारा आणून पुन्हा पाठवला आणि मग माझं जायचं ठरलं.

असं काम कुठल्याच चार्ज यादीत येत नाही. यादीत असतं कॅटलॉग एक, गुणपत्रकं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कपाटाच्या चाव्या. चालू असलेलं काम दोन रजिस्टरांच्या मध्ये कुठेतरी असतं आणि ते फक्त ते काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं. म्हणून मी तिच्यासाठी एक वेगळा कागद केला. प्रस्ताव कधी गेला, जावक क्रमांक काय, त्रुटी काय होती, उतारा कधी जोडला, आता कुणाकडे विचारायचं, आणि बोर्डाच्या यादीत दुरुस्ती करायची तर त्याआधी आदेश हातात पाहिजे. पालक म्हणून फोन कुणाला करायचा हेही, कारण तिचे वडील ट्रॉलरवर असतात, आठवडाभर फोन लागत नाही, मुंबईच्या काकांना करायचा. हा कागद मी सरांना नाही दिला, मुख्याध्यापक सरांना दिला आणि एक प्रत मुलीच्या आईला दिली. आईला देताना तिला एकेक ओळ वाचून दाखवली. शाळेतली माणसं बदलतील, आई नाही बदलणार, आणि तिला काय विचारायचं ते माहीत असलं तर ती ऑफिसच्या दारात येऊन विचारू शकते.

तसंच पोर्टलचं. युडायसच्या, म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरायच्या, कामासाठी ओटीपी माझ्या मोबाईलवर यायचा, तो नंबर बदलून घेतला, आणि बदलल्यावर सरांच्या मोबाईलवरून एकदा पूर्ण लॉगिन करून बघितलं. पालकांच्या ग्रुपचं अॅडमिन सरांना दिलं.

राहिली माझी निळी वही. ती शाळेची नव्हती, माझी होती. त्यात पोरांबद्दल वर्षभर काय काय लिहिलेलं. कुणाला फळा दिसत नाही पण चष्मा घालायला लाजतो, कोण तोंडी उत्तर फटाफट देतो आणि लिहिताना अडकतो, कोण कुणाची वही उतरवतो. आणि मग त्यातच कुणाच्या घरी काय चाललंय, कोण रडून काय बोलून गेलं. आधी वाटलं अख्खी वही सरांना द्यावी, त्यांना किती उपयोग होईल. मग एका रात्री ती पहिल्यापासून वाचली आणि जाणवलं की यातलं निम्मं मला सांगितलेलं आहे, शाळेला नाही. तर मी ती तीन प्रकारे वेगळी केली. शिकण्याबद्दलचं सगळं सरांच्या कागदांवर उतरवलं. एका मुलाला फिट येते, ते मुख्याध्यापक सरांना लेखी दिलं आणि वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगितलं, तिथे खासगी म्हणून गप्प बसणं धोक्याचं. बाकी जे विश्वासाने सांगितलेलं होतं ते त्या त्या मुलाला विचारलं. रापणीवाल्याला विचारलं, तू पेंगतोस ते का ते सरांना सांगू का? म्हणाला, सांगा, म्हणजे उभो तरी करूचे नाय. एका मुलीला विचारलं, तुझ्या घरचं कुणाला माहीत असायला हवं का, मी गेल्यावर कुणाशी बोलशील? ती दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, हिंदीच्या बाई चालतील. पण मीच सांगेन, तुम्ही नको. मग मी काहीच सांगितलं नाही, हिंदीच्या बाईंना फक्त एवढं म्हटलं की ती आली तर वेळ द्या. ती पानं फाडून चुलीत घातली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर माझ्या तासांना मागे येऊन बसले. त्यांचा स्वतःचा लोड बघता हे मागायला मला जड गेलं होतं, पण तेच स्वतःहून आले. मी शिकवायचे, दहा मिनिटं उरली की खडू त्यांच्या हातात. पोरांना त्यांचा फळा, त्यांचा आवाज, ते ‘बघा’च्या जागी ‘बघूया’ म्हणतात ते सगळं मी समोर असतानाच ओळखीचं झालं. एक मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, बाई, तुमी खरांच जातास? सर चांगले आसत, पण ते लय भराभर लिवतत. मी ते सरांना सांगितलं. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीनंतर थांबायला लागले.

आता मी सांगलीत आहे. आई उजवा हात थोडा उचलते. दुपारी ती झोपली की कधीकधी मोबाईलवर सरांचा फोन येतो. आडनावाचा आदेश आला, रजिस्टरला नोंद झाली, बोर्डाकडे दुरुस्ती गेली. मी लिहून दिलेला क्रम सरांनी पहिल्याच आठवड्यात बदलला, मी अर्थनियोजन आधी लिहिलं होतं, त्यांनी संभाव्यता आधी घेतली, कारण त्याच आठवड्यात जत्रा होती आणि फासे, पत्ते, नाणी यावर झोपलेली पोरंसुद्धा बोलतात. ऐकल्यावर पहिल्यांदा मला जरा लागलं, मग वाटलं की बरोबर आहे, त्यांचा वर्ग आहे. वर्गसमीकरणाचं रोजचं एक उदाहरण मात्र ते न चुकता देतात, आणि चुकणाऱ्यांच्या यादीतले निम्मे हजेरी क्रमांक त्यांनी खोडलेत म्हणे. महत्त्वमापनातला शंकूछेद त्यांना प्रिलिमनंतर घ्यायचाय, मी म्हणते प्रिलिमच्या आधी घ्या, निदान सूत्र हाताला लागू दे, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.